मागच्या चार पावलांची गोष्ट

चूक माझीच होती. रिअ‍ॅक्टरचं थंड पाणी बंद पडल्यानंतरचं गणित मी पाणी चालू असतानाच्या आकड्यांवर पुढे रेटलं, आणि आलेल्या उत्तराचा तक्ता दोन रंगांच्या शाईत सुवाच्य अक्षरात लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला टांगला. यात शाईची चूक काही नव्हती.

साल ऐंशी किंवा एक्क्याऐंशी असेल. रबाळ्याला रसायनांचा एक कारखाना होता, त्यात मी प्रोसेस इंजिनियर होतो. म्हणजे तीन खुर्च्या आणि एक फळा असलेल्या खोलीत बसून प्लँटवाल्यांना अक्कल शिकवायची, हे माझं काम. राहायला वाशीच्या नव्या सोसायटीत. सोसायटीत पाणी यायचं नाही आणि कारखान्यात वीज टिकायची नाही, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच घरच्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी एक नवा माल काढायचं ठरलं. अर्धा माल रिअ‍ॅक्टरमध्ये साठ अंशांवर तापवून ठेवायचा आणि उरलेला वरून हळूहळू सोडायचा. या सोडण्याला डोसिंग म्हणत. दोन्ही भेटले की उष्णता निघते. ती काढून घ्यायला रिअ‍ॅक्टरच्या बाहेरून लोखंडी आवरण, म्हणजे जॅकेट, आणि त्यातून पंपाने फिरणारं थंड पाणी. पंप चालू आहे तोवर तापमान साठवर गुमान बसतं. वीज गेली, पंप थांबला, की डोसिंग बंद केलं तरी आत सोडलेला माल तापतच राहतो. आणि ऐंशी अंश ओलांडले की फसफसून झाकणावरच्या नळीतून वर येतो. वर म्हणजे बरोबर त्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर, जिथे ऑपरेटर उभा असतो.

ऑपरेटर खाडीकाठच्या गावातला. वडिलोपार्जित मिठागर गेलं, आणि बदल्यात त्याला हा प्लॅटफॉर्म मिळाला. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला सायेब म्हणायचा. पण 'सायेब' म्हणताना त्याचा चेहरा असा काही व्हायचा, की मला माझ्या शर्टाचं बटण तपासून बघावंसं वाटायचं.

वीज गेली तर त्याने काय करायचं हे ठरलेलं होतं. डोसिंगचा व्हॉल्व बंद करायचा, भोंगा वाजवायचा, दोन मजले जिना उतरायचा, आवार ओलांडून उंचावरच्या टाकीचा मोठा व्हॉल्व चाक फिरवून फिरवून उघडायचा, परत दोन मजले चढायचे आणि जॅकेटच्या माथ्यावरची हवा सोडायची छोटी तोटी उघडायची. तोटीतून पाण्याची धार आली, म्हणजे जॅकेट भरलं. मॅनेजरसाहेबांनी स्टॉपवॉच लावून ही सगळी कवायत करून घेतली होती. सव्वाअकरा मिनिटं.

राहिला एकच प्रश्न. पाणी बंद झाल्यापासून साठाचे ऐंशी व्हायला किती मिनिटं लागतात? सव्वाअकरापेक्षा जास्त असतील तर बॅच घ्यायची, कमी असतील तर नाही. हा आकडा मी काढायचा होता.

समीकरण कागदावर सरळ सुटेल असं नव्हतं. पत्र्यातून झिरपणारी उष्णता, आत साठलेला माल, तापमानाबरोबर वाढणारा वेग, सगळी लटांबरं एकमेकांत अडकलेली. ढोबळ मानाने इतकंच सांगतो: पाणी बंद झालं की साठ अंशांवर तापमान मिनिटाला एक अंशाने चढायला लागतं, आणि दर दहा अंशांनी हा वेग दुप्पट होतो. असलं समीकरण दोन-दोन मिनिटांची पावलं टाकत पुढे न्यायचं. त्यासाठी मी जी पद्धत वापरायचो, तिला मागची चार पावलं लागतात. त्या चार ठिकाणचे वेग घ्यायचे, त्यांना पंचावन्न, उणे एकोणसाठ, सदतीस, उणे नऊ असे गुणक लावून बेरीज करायची, चोवीसने भागून पावलाच्या लांबीने गुणायचं, की पुढच्या तापमानाचा अंदाज निघतो. मग त्या अंदाजावरचा वेग काढायचा आणि तो धरून नऊ, एकोणीस, उणे पाच, एक या दुसऱ्या गुणकांनी दुरुस्ती करायची. अंदाज एका रकान्यात, दुरुस्ती दुसऱ्यात, आणि दोघांतला फरक तिसऱ्यात. हा तिसरा रकाना म्हणजे पद्धतीची नाडी. गाडी रुळावर असेल तेव्हा दुरुस्तीतली चूक या फरकाच्या साधारण चौदाव्या हिश्शाइतकी असते. फरक बारीक, तर झोप शांत.

अडचण सुरुवातीची. पहिल्या पावलाला मागची चार पावलं कुठून आणायची? सुरुवातीचं ठिकाण धरून चार व्हावीत म्हणून पहिली तीन पावलं वेगळ्या पद्धतीने टाकायची, जिला मागचं काही लागत नाही. आम्ही तिला स्टार्टर म्हणायचो. पण ती दर पावलाला चार-चार वेळा वेग काढायला लावते, आणि कॅल्क्युलेटरवर एक वेग काढायला तीनेक मिनिटं जायची. माझी लाडकी पद्धत दोन वेळांत भागवायची. आळशी माणसाला ती का आवडते, हे वेगळं सांगायला नको.

डोसिंग सुरू झाल्यापासूनचा भाग मी नीट केला. स्टार्टरने तीन पावलं, मग अंदाज-दुरुस्ती, अंदाज-दुरुस्ती. तापमान साठवर स्थिरावलं, वेग शून्यावर आले. आता पंप बंद. इथे समीकरणच बदललं. म्हणजे मागच्या चार पावलांचे वेग आता दुसऱ्याच कुठल्यातरी जगातले. इथे थांबून स्टार्टरने नव्याने सुरुवात करायला हवी होती. बारा वेळा वेग काढायचा, म्हणजे अर्धा-पाऊण तास. दुपारचा एक वाजला होता, कँटीनमध्ये त्या दिवशी उसळ होती. मी मनाशी म्हटलं, मागची चार पावलं आहेत की हाताशी, आणि जुने शून्य वेग तसेच पुढे वापरले.

पहिल्या पावलाला अंदाज आला साठ, दुरुस्ती साठ पूर्णांक पंच्याहत्तर शतांश. फरक अधिक पाऊण. दुसऱ्याला फरक उणे दोन. तिसऱ्याला अधिक एक पूर्णांक नऊ. चौथ्याला उणे अर्धा. पाचव्याला शून्य! मी मांडीवर थाप मारली. बघा, म्हटलं, दुरुस्तीने कशी दुरुस्ती केली. दारूच्या गुत्त्यातून निघालेला माणूस गल्लीच्या टोकापर्यंत सरळ चालायला लागला, म्हणजे तो बरोबर घराकडेच चाललाय, असं मानण्यातला हा प्रकार.

ऐंशी अंश गाठायला पावणेबारा मिनिटं. कवायत सव्वाअकराची. अर्धा मिनिट हातात. पास!

पक्का तक्ता लिहिताना तो फरकाचा रकाना वर-खाली उड्या मारताना वाईट दिसत होता. मी तो गाळला. ही चूक नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. चूक निदान आपली आपल्याला कळलेली नसते.

आमच्याकडे एक शिस्त होती. प्रत्येक गणितावर दुसऱ्याची सही लागायची, आणि ती करायच्या लॅबमधल्या बाई. संख्याशास्त्र शिकलेल्या, पन्नाशीच्या आसपास, चष्मा साखळीला अडकवलेला. त्या दोन दिवस रजेवर होत्या. साहेब म्हणाले, "बाई आल्या की घे सही. शुक्रवारी बॅच आहे."

शुक्रवारी बाई सव्वानऊला आल्या. मी तक्त्याची दुसरी प्रत पुढे ठेवली. डोसिंग साडेअकराला सुरू होणार होतं, मुंबईहून गिऱ्हाईक कंपनीची माणसं यायची होती, म्हणून मी ठेवणीतला शर्टही घातला होता.

बाईंनी चष्मा लावला. "फरकाचा रकाना?"

"कच्च्यात आहे."

"मग कच्चा आणा."

"बाई, तुम्हाला कशाला उगाच त्रास, पक्का मी दोनदा तपासून..."

"तुम्ही दोनदा तपासता म्हणून तर माझा पगार चालू आहे. आणा."

कच्चा कागद माझ्या खणात डब्याखाली होता. तो शोधायला मला वीस मिनिटं लागली. डबा उचलायला वीस मिनिटं लागत नाहीत.

बाईंनी कागद टेबलावर सपाट केला. फरकाच्या रकान्यापर्यंत त्या गेल्याच नाहीत. पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"पाणी बंद झाल्यावर वेग किती?"

"मिनिटाला एक अंश. आणि वाढता."

"दोन मिनिटांत किती अंश चढायला हवेत?"

"दोन. दोनच्या वर."

"तुमच्याकडे पाऊण चढलाय."

कॉलेजात मला या विषयात पहिला नंबर मिळाला होता, हे वाक्य मी तोवर या गोष्टीत कुठे घालावं याचा विचार करत होतो, आता घालतो.

"तुम्ही पुन्हा स्टार्ट नाही केलंत," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट. "हे सगळे शून्य मागून गाडी ओढून धरतायत. तुमच्या पंपाला गणितात बंद पडायलाच उशीर झालाय. पंप तसा बंद पडत नाही हो. तो एकदम बंद पडतो."

"पण पाचव्या पावलाला फरक शून्य..."

"पाचव्या पावलापर्यंत ते शून्य वेग मागे पडले, म्हणून. तोवर हरवलेले अंश परत कोण आणून देणार? दुरुस्ती अंदाजाची होते. इतिहासाची नाही होत."

पावणेदहा वाजून गेले होते. मी प्लँटच्या अंतर्गत फोनवर साहेबांना गाठलं. साहेब साताऱ्याकडचे, फोनवर बोलतानाही समोर शेताचा बांध असल्यासारखे बोलायचे.

"साहेब, तक्त्यात चूक आहे. डोसिंग थांबवावं लागेल."

"किती मिनिटं मग?"

"अजून... काढतोय."

"म्हंजे पावणेबारा चूक आहे, पण बरोबर काय ते माहीत नाही?"

"कमी येईल, साहेब."

"सव्वाअकराच्या वर का खाली?"

मी कच्चा कागद पालटून बघितला. मागची बाजू कोरी होती.

"अरे, पाहुणे वाटेत आहेत. नुसतं 'वाटतंय'वर मी बॅच थांबवणार न्हाई. आकडा आण. साडेअकराच्या आत आण, नाहीतर वर चालू होईल."

आम्ही बसलो. बाईंकडे विजेवर चालणारा टेबलावरचा कॅल्क्युलेटर, माझ्याकडे खिशातला. प्रत्येक वेग दोघांनी काढायचा, दोघांचा जुळला तरच लिहायचा. पहिलं पाऊल: सुरुवातीला वेग एक. अर्ध्या वाटेवर एक पूर्णांक सात शतांश, पुन्हा अर्ध्या वाटेवर एक पूर्णांक आठ शतांश, टोकाला एक पूर्णांक सोळा. मधल्या दोघांना दुप्पट वजन, सगळ्यांची बेरीज भागिले सहा, गुणिले दोन मिनिटं. बासष्ट पूर्णांक पंधरा शतांश. माझ्या पक्क्या तक्त्यात या जागी साठ पूर्णांक पंच्याहत्तर होतं, निळ्या शाईत, खाली लाल रेघ मारून.

दुसऱ्या पावलाला माझा हात घसरला. तिसरा वेग दुसऱ्यापेक्षा कमी आला.

"उतरला कसा?" बाईंनी मान वर केली नाही. "हा चढाव आहे. परत मारा."

परत मारला. जुळला. चौसष्ट पूर्णांक अडुसष्ट. घड्याळात साडेदहा. तिसऱ्या पावलाच्या मध्यावर, अकराच्या सुमारास, पंखा हळू झाला, बाईंच्या कॅल्क्युलेटरवरचे हिरवे आकडे थरथरले आणि गेले. वीज गेली होती.

बाहेरून नेहमी येणारी पंपाची घरघर आता येत नव्हती. ती नेहमी असते हे मला त्या दिवशी कळलं. मी खिडकीतून बघितलं. प्लॅटफॉर्मवर दादा कठड्याला टेकून उभा, रिकाम्या हाताने मान पुसत. डोसिंग अजून सुरू नव्हतं, त्यामुळे रिअ‍ॅक्टर नुसता गरम डबा होता, त्याला वीज गेल्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण हेच अर्ध्या-पाऊण तासाने झालं असतं तर? मी मनातल्या मनात मिनिटं मोजायला लागलो.

"खिडकीत काय ठेवलंय?" बाई म्हणाल्या. "तुमचा बॅटरीवर चालतो ना? मग बसा. माझं मी लॉगच्या तक्त्यावर करते."

त्यांनी खणातून लॉगचं पुस्तक काढलं. पानं पिवळी, कोपरे झिजलेले. आणि मी बटणं दाबून उत्तर सांगायच्या आत त्यांची पेन्सिल थांबलेली असायची. सदुसष्ट पूर्णांक शहात्तर. स्टार्टरचं काम संपलं. आता मागची पावलं खरी होती, त्याच जगातली. अंदाज: एकाहत्तर पूर्णांक त्रेसष्ट. दुरुस्ती: एकाहत्तर पूर्णांक सदुसष्ट.

"फरक?" बाईंनी विचारलं.

"चार शतांश."

"लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

पुढच्या पावलाला सत्त्याहत्तर, दहा मिनिटांना. त्याच्या पुढच्याला ऐंशी मागे पडून पंच्याऐंशीच्या पार. ऐंशी ओलांडलं दहा पूर्णांक आठ मिनिटांना.

पावणेअकराच्या जरा पुढे. आणि कवायत सव्वाअकराची. म्हणजे दादा दोन मजले चढून त्या तोटीपाशी पोचतो, तिथे वाकतो, आणि तेव्हाच.

बाईंनी सही केली. मी पळालो. वीज आलेली होती, पंप पुन्हा घरघरत होता, अकरा सत्तावीस झाले होते. आवारात साहेब गिऱ्हाइकांच्या दोन माणसांबरोबर उभे. वर दादाचा हात डोसिंगच्या चाकावर.

"दादा, थांबा!" मी खालूनच ओरडलो. "हात काढा!"

दादाने हात काढला. पटकन नाही, आधी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग काढला.

साहेबांनी कागद वाचला. सही बघितली. पाहुण्यांसमोर आवाज न करता म्हणाले, "दहा पूर्णांक आठ?"

"हो."

"पक्कं? का हेही उद्या बदलेल?"

"बाईंनी तपासलंय."

"मग पक्कं." माझं नाव त्यात कुठे आलं नाही. त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. "पुन्हा कवायत. आत्ता. माल न सोडता."

दादाने व्हॉल्व बंद केल्याचं केलं, भोंगा वाजवला, जिना उतरला. मी टाकीच्या व्हॉल्वपाशी जाऊन उभा राहिलो. मदत करायची परवानगी नव्हती. चाक गंजलेलं, प्रत्येक फेऱ्याला करकरत होतं. त्याच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. मग परत जिना. वर पोचला तेव्हा साहेबांच्या हातातल्या काट्याने दहा ओलांडले होते. तो तोटीवर वाकला. साहेब मोठ्याने मोजत होते. दहा पंचेचाळीस. दहा पन्नास. मी त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होतो. तोटीतून हवा फुसफुसत होती, पाणी नव्हतं. अकरा. अकरा दहा. अकरा अठराला धार आली.

साहेबांनी स्टॉपवॉच बंद केलं. पाहुण्यांना म्हणाले, "आज बॅच होणार न्हाई. चहा घेऊ." आणि माझ्याकडे वळून, "फरकाचा रकाना तक्त्यात का नव्हता?"

"बरा दिसत नव्हता, साहेब."

"बरा दिसत नव्हता," असं साहेब स्वतःशीच म्हणाले आणि चहाला गेले.

मी प्लॅटफॉर्मवर चढलो. दादा कठड्याला पाठ लावून बसला होता, बनियन भिजून अंगाला चिकटलेलं. भिंतीवर माझा तक्ता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी तो काढला आणि घडी घातली.

"काय झालं सायेब?"

त्याला सगळं सांगणं भाग होतं. मी सांगितलं. पंप बंद पडल्यावर नव्याने सुरुवात करायची असते, मी जुनेच आकडे पुढे ओढले, म्हणून एक मिनिट जास्त आलं. ही टाकीची लाइन वर आणू, व्हॉल्व इथेच प्लॅटफॉर्मवर बसवू, मग जिना चढ-उतरच नको, सात मिनिटांत काम होईल, असंही घाईघाईने सांगितलं.

तो ऐकत होता. पायरीवरचा तांब्या उचलून त्याने अर्धं पाणी घशात ओतलं, अर्धं डोक्यावर.

"म्हंजे मी हितं वाकलेला असतो, तवा वर आला असता माल?"

"हो."

"आनि तुमी कुटं असते?"

"खाली. ऑफिसात."

दादाने तांब्या खाली ठेवला. "मंग पुडच्या टायमाला कागद घेऊन हितं, माज्या बाजूला उबे रावा. बगा कसं एका फटक्यात बरोबर येतंय तुमचं गनित."